तुटक पट्टा, सलग पट्टा आणि भाचीचे तीन फोटो

माझी भाची मुक्ता हिला नुकतंच लायसन्स मिळालं होतं. एका संध्याकाळी तिने मला रस्त्याचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "मामा, पट्टा तुटक आहे. म्हणजे इथे ओव्हरटेक करता येत होतं ना?" शेजारी बसलेली मैत्रीण म्हणत होती, काढ गाडी, काढ गाडी. मुक्ताने काढली नाही आणि मग रस्ताभर दोघींचा वाद. आता निकाल मी द्यायचा.

मी रस्त्यावर पट्टे मारायच्या कामावर बरीच वर्षं काढली आहेत, त्यामुळे घरात असले प्रश्न माझ्याकडेच येतात. माझी पद्धत ठरलेली आहे. फोटो आला की अर्थ लगेच सांगायचा नाही. आधी विचारायचं: फोटो कुणी काढला, कुठल्या सीटवरून, तोंड कुठे होतं आणि त्या वेळी गाडी किती वेगात होती. एक फोटो म्हणजे रस्त्याचा एक तुकडा, आणि पट्ट्याचा अर्थ त्या तुकड्यात मावत नाही. पट्टा वाचायचा तो लांबीत. साध्या फलकाचं तसं नसतं, तो एका जागी उभा असतो आणि बहुतेक वेळा एका फोटोत पूर्ण कळतो.

मुक्ताला फोन लावला. फोटो मैत्रिणीने डाव्या सीटवरून काढला होता, हे ऐकून बरं वाटलं, कारण नवा ड्रायव्हर एका हाताने फोटो काढतोय ही कल्पनाच नको. वेग चाळीसच्या आसपास. पुढे ट्रक, तोही तेवढ्याच वेगात, आणि दोघी त्याच्या मागे बराच वेळ चाललेल्या.

"फोटोत काय दिसतंय ते सांग," मी म्हटलं.

"ट्रक. उजवीकडे पांढरा पट्टा, तुटक. डावीकडे झाडाची फांदी आणि तिच्यामागे एक त्रिकोण."

त्रिकोणाचं आधी उरकून टाकलं. फांदीमुळे आतलं चित्र दिसतच नव्हतं आणि तिला वाटत होतं की त्यामुळे फलकाचा काही उपयोग नाही. पण टोक वर असलेला, लाल कडेचा त्रिकोण एवढं दिसलं तरी अर्धं काम होतं. तो सावध करतो, हुकूम देत नाही. आत वळण असो, उतार असो की शाळेची मुलं, फलकाचं म्हणणं एकच: पुढे काहीतरी आहे, वेग आवर. मनाई करायची असती तर लाल कडेचा गोल असता. आकारांचा हा हिशेब १९६८च्या व्हिएन्ना करारात आहे आणि तो करार मानणाऱ्या बहुतेक देशांत तसाच पाळला जातो. चिन्ह धुळीने माखलेलं असेल, फांदीआड असेल किंवा फोटोत अस्पष्ट आलं असेल, तरी आकारावरून फलकाची जात कळते. थांबा म्हणणारा अष्टकोन आणि टोक खाली असलेला, वाट द्या म्हणणारा त्रिकोण, हे तर इतके वेगळे आहेत की मागच्या बाजूनेसुद्धा ओळखता येतात.

आता पट्टा. मी तिला फोटो मोठा करायला लावला आणि विचारलं, "रेघ लांब आहे की रेघांमधली मोकळी जागा?"

"सारखंच वाटतंय."

सारखं वाटणारच. फोटोत जवळचं लांबट दिसतं आणि लांबचं आखूड होत जातं, त्यामुळे डोळ्यांना अंदाज येत नाही. पण एक साधी खूण आहे. एक रेघ आणि तिला लागून असलेली मोकळी जागा घ्यायची. दोन्हींपैकी जी कॅमेऱ्यापासून दूर आहे ती फोटोत आखूड दिसायला हवी. दूर असूनही तीच लांब दिसत असेल, तर ती खरोखरच लांब आहे, त्यात शंका उरत नाही. बॉनेटच्या अगदी पुढची पहिली रेघ मात्र धरायची नाही, तिथे कॅमेरा फारच फसवतो. दुसऱ्या-तिसऱ्या रेघेपासून बघायचं.

तिने बघितलं. "मोकळी जागा संपल्यावर जी रेघ सुरू होते ना, ती त्या जागेपेक्षा लांब दिसतेय."

"म्हणजे ही साधी तुटक नाही. ही इशाऱ्याची आहे."

इथे ती गप्प झाली. ड्रायव्हिंग शिकताना तिला दोनच प्रकार सांगितले होते: तुटक म्हणजे ओलांडता येते, सलग म्हणजे नाही. यात चूक काही नाही, पण मधली पायरी गळते. मोकळ्या रस्त्यावरच्या साध्या तुटक पट्ट्यात रेघ आखूड आणि मोकळी जागा जास्त असते. अनेक ठिकाणी ३ मीटर रेघ आणि ६ मीटर जागा असं माप असतं. सलग पट्टा जवळ आला की हे माप उलटतं, ६ मीटर रेघ आणि ३ मीटर जागा. आकडे देशागणिक आणि रस्त्यागणिक बदलतात, पण रेघा लांबणं आणि फटी कमी होणं ही भाषा बऱ्याच देशांत सारखी आहे. कायद्याने हीसुद्धा तुटकच, ओलांडली तर गुन्हा नाही. पण ती सांगते की परवानगी संपत आली आहे: बाहेर पडू नकोस आणि बाहेर असशील तर आत ये.

"पण मला सलग कुठे दिसतच नाहीये," मुक्ता म्हणाली.

तिला ती दिसणारही नव्हती, आणि त्याला कारण ट्रक. लेन साधारण साडेतीन मीटरची धरा. ट्रकची उजवी कड मधल्या पट्ट्यापासून जेमतेम अर्ध्या मीटरवर असते. ट्रक २० मीटर पुढे असेल, तर डाव्या सीटवरून बघणाऱ्याला सरळ रस्त्यावर मधला पट्टा पंचवीस-सव्वीस मीटरपर्यंतच दिसतो. त्यापुढचा सगळा ट्रकच्या आड. ड्रायव्हर उजवीकडे बसतो म्हणून त्याला आणखी पाच-सहा मीटर मिळतात, बस. म्हणजे मैत्रीण ज्या पट्ट्याच्या भरवशावर "काढ गाडी" म्हणत होती, त्या पट्ट्याच्या दोन-तीन रेघांपलीकडे तिला काही दिसतच नव्हतं. ट्रकपासून मागे राहिलं की जास्त दिसतं आणि जवळ गेलं की कमी. नव्या ड्रायव्हरला हे उलटं वाटतं. ओव्हरटेक करायचं म्हणून तो ट्रकला चिकटतो आणि मग मान वाकडी करून बघत बसतो.

ट्रक नसता तरी फोटोवर भिस्त ठेवण्याला मर्यादा आहे. गाडीत बसून धरलेला मोबाइल जमिनीपासून सव्वाएक मीटर उंचीवर असतो. तिथून दीडशे मीटर लांबच्या रेघांमधली फट फोटोत एखाद-दुसऱ्या पिक्सेलएवढी उरते आणि रेघा एकमेकींना चिकटून सलग दिसायला लागतात. त्यात व्हॉट्सअ‍ॅप फोटो आकसून पाठवतं. फोटोत लांबवर सलग दिसणारा पट्टा खरंच सलग आहे की नुसता तसा दिसतोय, हे त्या एका फोटोवरून ठरवायला जाऊ नये. मी मुक्ताला विचारलं, त्याच्या पुढचा फोटो आहे का?

होता. मैत्रिणीने ट्रकच्या मागचं चित्र आवडलं म्हणून लागोपाठ काढले होते. दुसऱ्या फोटोत ट्रक तसाच पुढे, पण बॉनेटच्या लगेच पुढे पट्ट्याचं रूप बदललेलं. आता दोन रेघा शेजारी शेजारी होत्या, डावीकडची सलग आणि उजवीकडची तुटक. कडेला लाल किनारीचा गोल फलक, आत शेजारी शेजारी दोन गाड्या. ओव्हरटेक करायला मनाई.

"म्हणजे पहिल्या फोटोनंतर लगेचच सुरू झाली," मुक्ता म्हणाली. "पण लगेच म्हणजे किती?"

हा प्रश्न मला फार आवडला, कारण त्याचं उत्तर तिच्याच मोबाइलमध्ये होतं. बऱ्याच मोबाइलमध्ये फोटोच्या फाइलच्या नावातच तारीख आणि वेळ सेकंदापर्यंत असते. मी तिला मैत्रिणीकडून मूळ फाइली मागवायला लावल्या, फोटो म्हणून नाही तर डॉक्युमेंट म्हणून, कारण फोटो म्हणून पाठवलं की नावही बदलतं. नावं अशी होती:

```
IMG_20250112_081742.jpg
IMG_20250112_081748.jpg
```

शेवटचे आकडे ४२ आणि ४८, म्हणजे मधे सहा सेकंद. ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ११ मीटर. सहा सेकंदांत ६६ मीटर. सलग रेघ दुसऱ्या फोटोत बॉनेटच्या थोडी पुढे सुरू होतेय, त्याचे आणखी काही मीटर. पंचाहत्तर धरू. इशाऱ्याच्या पट्ट्यात एक रेघ आणि एक मोकळी जागा मिळून ९ मीटर होतात, म्हणजे मैत्रीण "काढ" म्हणाली तेव्हा सलग पट्टा लागायला आठ जोड्या उरल्या होत्या.

मग मी तिला दुसरी बाजू मांडायला लावली: ट्रक ओलांडायला किती रस्ता लागला असता? कागद घेतला होता तिने. ती ट्रकच्या मागे २० मीटर. ट्रक १० मीटर लांब, तिची गाडी ४ मीटर. पुढे जाऊन परत आपल्या लेनमध्ये येताना ट्रकपुढे २० मीटर तरी हवेत, नाहीतर त्याला ब्रेक मारावा लागतो. बेरीज ५४. एवढं अंतर ट्रकच्या तुलनेत जास्तीचं कापायचं. ट्रक चाळीसने आणि ती साठने गेली, तर फरक वीसचा, म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर. चोपन्नला साडेपाचने भागलं की साधारण दहा सेकंद. आणि साठच्या वेगाने दहा सेकंदांत गाडी १६५ मीटर जाते.

"अठरा जोड्या," ती म्हणाली. "आणि माझ्याकडे आठ होत्या."

"आणि हे तू आधीपासूनच साठवर आहेस असं धरून. तू चाळीसवर होतीस. वेग वाढवायला लागणारा रस्ता यात धरलेलाच नाही."

समोरच्याचं तर अजून बोललोच नव्हतो. समोरून कुणी साठने येत असेल, तर त्या दहा सेकंदांत तोही १६५ मीटर तुझ्याकडे आलेला असतो. म्हणजे बाहेर पडताना समोर सव्वातीनशे मीटरहून जास्त रस्ता रिकामा दिसायला हवा. रस्ता आखणारे हाच हिशेब करतात. त्यांचे आकडे वेगळे आणि जास्त सावध असतात, पण विचार हाच. पुढचं जिथे पुरेसं लांब दिसत नाही तिथे सलग पट्टा येतो. पट्टा मारणाऱ्याला जागा आधीच खुणा करून दिलेली असते. आम्ही दोरी धरायचो, खडूने आखायचो आणि मशीन चालवायचो. पण एखाद्या चढावर काम करताना आपण नेमके कुठे थांबतोय हे बघितलं की कळायचं: सलग पट्टा जिथे सुरू होतो तिथे उभं राहिलं की समोरचा रस्ता माथ्यामागे गेलेला असतो.

मुक्ताच्या फोटोतही चढच होता. ट्रकच्या वरून आभाळ दिसत होतं, झाडं दिसत नव्हती, त्यावरून माथा जवळ आहे हे ओळखता येत होतं.

आता तिला दुसरी शंका आली. "दोन रेघांतली एक तुटक का? रंग उडालाय का?"

शंका रास्त होती. रस्त्यावर पट्टा उडतोच. आम्ही थर्मोप्लास्टिक वापरायचो, जवळपास दोनशे अंशांवर वितळवून दोन-अडीच मिलिमीटर जाडीचा थर ओतायचा आणि तो ओला असतानाच वरून काचेचे बारीक मणी टाकायचे. हेडलाइटचा उजेड परत फेकतात ते हे मणी. चाकं जिथे सारखी पट्टा ओलांडतात तिथे तो झिजतो. पण झिजलेल्या पट्ट्याची टोकं कुरतडल्यासारखी असतात, फटी कमी-जास्त असतात आणि फटीच्या जागी डांबरावर पांढरट ठिपके उरतात. मुद्दाम सोडलेल्या फटीची कड मशीनने कापल्यासारखी सरळ असते आणि सगळ्या फटी एका मापाच्या. तिने फोटो मोठा करून पाहिला. कडा सरळ, फटी सारख्या. रंग उडालेला नव्हता.

मग सांगितलं: दोन रेघा असतील तेव्हा आपल्या बाजूची रेघ आपली आणि पलीकडची समोरच्याची. आपण डावीकडून चालवतो, म्हणून पुढे बघताना जोडीतली डावी रेघ तिची. ती सलग, म्हणजे तिला मनाई. समोरून येणाऱ्याच्या बाजूची तुटक, म्हणजे त्याला परवानगी.

"हा अन्याय आहे," ती हसत म्हणाली. "रस्ता एकच, चढ एकच. त्याला का मुभा?"

कारण तो माथा ओलांडून आलाय. तुला अजून माथ्यापलीकडचं दिसत नाही. त्याला मात्र तिथून खालपर्यंतचा अख्खा उतार दिसतोय, तुझ्यासकट. मनाईचे पट्टे दोन्ही बाजूंना एकाच जागी सुरू होऊन एकाच जागी संपत नाहीत, ते एकमेकांपासून सरकलेले असतात. तू चढायला लागलीस की आधी तुझी रेघ सलग होते. माथ्याच्या आसपास कुणालाच काही दिसत नाही, म्हणून तिथे दोन्ही सलग. माथा ओलांडलास की तुझी रेघ तुटक होते आणि समोरून चढणाऱ्याची सलग. शेवटी दोन्ही सुटून परत एकच साधी तुटक. वळणावरही असंच. हा क्रम एकदा डोक्यात बसला, की जोडपट्टा दिसताच आपण माथ्याच्या कुठल्या बाजूला आहोत हे कळतं.

एवढं झाल्यावर मुक्ताने तिसरा फोटो पाठवला आणि म्हणाली, "मग हे बघ. इथे उलट आहे. डावी तुटक, उजवी सलग. आणि हा त्या दुसऱ्या फोटोनंतर लगेचचा आहे, माथा अजून आला नव्हता."

फोटोत ट्रक नव्हता. डाव्या लेनमध्ये एक मोटरसायकल पाठमोरी जात होती, उजव्या लेनमध्ये एक गाडी समोरून येत होती. डाव्या कडेचा फलक आपल्याकडे तोंड करून, उजव्या कडेच्या फलकाची पाठ दिसतेय. सगळं रीतसर. पण मला त्यात एकच गोष्ट खटकली: कॅमेऱ्याच्या खालचा रस्ता मधल्या पट्ट्याच्या उजवीकडे होता.

"हा फोटो मागच्या काचेतून काढलाय का?"

मैत्रीण मागे वळली होती, असं निघालं. मुक्ताला आश्चर्य वाटलं, कारण फोटोत कुठेच काही उलटं दिसत नव्हतं. ते दिसतही नाही, आणि इथे भलेभले चकतात. डावीकडून वाहतूक चालते त्या रस्त्याचा फोटो कुठल्याही दिशेने काढा, डावीकडची वाहनं पाठमोरीच दिसणार आणि उजवीकडची समोरूनच येणार. फलकांचंही तेच, डावीकडच्यांचं तोंड आपल्याकडे आणि उजवीकडच्यांची पाठ. पुढचा फोटो की मागचा, हे वाहनं आणि फलक सांगत नाहीत. सांगते ती फक्त कॅमेऱ्याची जागा. कॅमेरा मधल्या पट्ट्याच्या डावीकडच्या लेनमध्ये असेल तर फोटो पुढचा आहे. उजवीकडच्या लेनमध्ये असेल तर एक तर फोटो मागचा आहे किंवा गाडी त्या क्षणी ओव्हरटेक करतेय. उजवीकडे येणारी ती गाडीसुद्धा समोरून येत नव्हती, मुक्ताच्याच मागे चालली होती.

तेव्हा असा फोटो वाचायचा तो त्या दिशेने तोंड करून जाणाऱ्याचा म्हणून. डावी लेन त्याची, डावी रेघ त्याची, आणि ती तुटक, म्हणजे मुभा त्या मोटरसायकलवाल्याला. म्हणजे दुसऱ्या फोटोत जे होतं तेच, फक्त समोरच्याच्या नजरेने पाहिलेलं. मुक्ताची सलग रेघ जागेवरच होती. गाडीच्या आरशाचा फोटो असेल तर प्रकरण आणखी वेगळं, कारण तिथे डावं-उजवंही बदलतं. पण तो नंबरप्लेटवरून ओळखता येतो, अक्षरं उलटी दिसतात.

इथे वादाचा निकाल लागला होता. पट्टा तुटक होता हे मैत्रिणीचं म्हणणं खरं, आणि गाडी काढली नाही हे मुक्ताचं वागणंही बरोबर. पण मुक्ताचा एक प्रश्न राहिला होता, आणि तीन फोटोंपेक्षा मला तो मोलाचा वाटला.

"समजा मी काढली असती गाडी. तुटक असताना बाहेर पडले, नियमाने. आणि मी ट्रकच्या बरोबरीला असताना सलग सुरू झाली. मग परत आत येताना मी सलग ओलांडते. तो गुन्हा?"

याचे दोन भाग आहेत आणि लोक ते दोन्ही एकात मिसळतात. जोडपट्ट्यात तुझ्या बाजूची रेघ तुटक असेल आणि पलीकडची सलग, तर तू दोन्ही ओलांडून बाहेर जाऊ शकतेस आणि परत येताना ती सलग पुन्हा ओलांडावी लागली तरी चालतं. नियमाने ओव्हरटेक केलेल्याला आपल्या जागी परतण्याची मोकळीक व्हिएन्ना करारात स्पष्ट दिली आहे. त्याशिवाय तुटकला अर्थच राहिला नसता. पण तू सांगतेस ते तसं नाही. तिथे तुझ्याच बाजूची रेघ सलग झालीय आणि ती व्हायच्या आत तू आपल्या लेनमध्ये असायला हवी होतीस. लांब रेघांचा तो इशारा त्यासाठीच तर होता. आठ जोड्यांत तुला एवढंच करता आलं असतं, आत येणं. नव्याने बाहेर पडणं नाही.

"ते कळलं. पण चुकून अडकलेच तर त्या क्षणी करायचं काय?"

तेव्हा नियमाचा विचार सोडून द्यायचा आणि ट्रकची केबिन बघायची. तुझं बॉनेट अजून केबिनच्या मागे असेल, तर पाय ब्रेकवर. ट्रक पुढे निघून जातो आणि तू त्याच्या मागे परत येतेस. ब्रेकने वेग लवकर उतरतो, रेसने तेवढ्या लवकर वाढत नाही, म्हणून मागे येणं जवळजवळ नेहमीच लवकर होतं. केबिन मागे पडली असेल आणि समोरून कुणी येताना दिसत नसेल, तर ओव्हरटेक पुरं कर आणि ट्रक आरशात पूर्ण दिसला की आत ये. अर्धवट मनाने रेस सोडून ट्रकच्या बरोबरीने रेंगाळायचं मात्र नाही, सगळ्यात जास्त वेळ चुकीच्या बाजूला राहायचा तो प्रकार आहे.

"आणि मागे यायला जागाच नसेल तर? मागची गाडी पुढे सरकली असेल तर?"

सरकतेच. तू बाहेर पडलीस की तुझ्या मागचा ड्रायव्हर ट्रकपर्यंत पुढे येतो आणि तुझी जागा भरून टाकतो, त्यात त्याचा काही वाईट हेतू नसतो. त्यामुळे ओव्हरटेकला निघण्याआधीचा आरसा नुसता उजवा बघायचा नाही, मधलाही बघायचा. मागे कुणी चिकटून असेल, तर मागे यायची वाट तुला नाही असं धरायचं आणि मग समोर सव्वातीनशेहून पुष्कळ जास्त रस्ता दिसल्याशिवाय निघायचं नाही. मागे कुणी नसेल तर हातात दोन वाटा असतात. मुक्ताने तिसरा फोटो पुन्हा उघडला. मागची ती गाडी किती जवळ होती हे आता ती मोजायला लागली होती, पट्ट्याच्या जोड्यांनी.